७५ हजार डॉलरनंतरचं सुख

वर्षाला ७५ हजार डॉलर मिळायला लागले की त्यापुढे पैसा कितीही वाढला तरी सुख वाढत नाही, हे वाक्य गेली काही वर्षं भाषणांत, सदरांत आणि फॉरवर्ड्समध्ये सतत फिरतंय. 'बघा, विज्ञानही तेच सांगतं' अशी पुस्तीही त्याला हमखास जोडलेली असते. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. डॅनिएल कानेमन आणि अँगस डीटन या दोघांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून तो आला. कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल त्याआधीच मिळालं होतं, डीटन यांना पुढे २०१५ मध्ये मिळालं. त्यांच्या हाताशी गॅलप संस्थेच्या पाहणीतली अमेरिकी नागरिकांची साडेचार लाखांहून अधिक उत्तरं होती. एवढ्या मोठ्या नमुन्यावर एवढ्या मोठ्या माणसांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे विषय संपलाच.

तो संपला नाही, कारण 'सुख' दुकानात तागडीवर ठेवून जोखता येत नाही. माणसाला काहीतरी विचारावं लागतं आणि त्याच्या उत्तराला आकडा द्यावा लागतो. काय विचारलं आणि उत्तर द्यायला किती जागा ठेवली, यावर पुढचा सगळा युक्तिवाद उभा राहतो.

कानेमन आणि डीटन यांनी सुख दोन प्रकारे मोजलं होतं, आणि फॉरवर्ड्समधून नेमकं हेच गळालं. पहिला प्रकार शिडीचा. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा. दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही शिडी आजही वापरात आहे. सुखी देशांच्या ज्या जागतिक यादीत फिनलंड २०१८ पासून सतत पहिला येतोय, तिचे क्रमांक याच एका प्रश्नाच्या उत्तरांवरून लागतात. फिन लोक दिवसभर हसतमुख असतात की नाही, हे ती यादी सांगत नाही.

दुसरा प्रकार कालच्या दिवसाचा. काल तुम्ही भरपूर हसलात का? दिवसातला बराच वेळ आनंद जाणवला का? चिंता, दुःख, ताण? उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'.

शिडीवरची उत्तरं उत्पन्नाबरोबर चढतच गेली, ७५ हजारांनंतरही. थांबली ती कालच्या दिवसाची उत्तरं. म्हणजे मूळ निबंधाचं म्हणणं असं होतं की पैशाने आयुष्याबद्दलचं मत सुधारत राहतं, रोजची मनःस्थिती मात्र एका टप्प्यानंतर सुधारत नाही. यातला अर्धाच भाग लोकांनी उचलला. (शिडीही फार भरवशाची नाही म्हणा. याच पाहणीत शिडीच्या आधी राजकारणाबद्दल प्रश्न विचारले, तर लोक स्वतःला खालच्या पायरीवर ठेवतात, असं पुढे डीटन यांनाच आढळलं. प्रश्नांचा क्रम बदलल्याने पडणारा हा फरक २००८ च्या आर्थिक संकटाच्या परिणामापेक्षाही मोठा होता.)

२०२१ मध्ये सुखाचा अभ्यास करणारे संशोधक मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी वेगळा मार्ग धरला. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या ३३ हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांच्या फोनवर दिवसातून अधूनमधून प्रश्न यायचा: आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? उत्तर 'फार वाईट' ते 'फार छान' अशा सलग पट्टीवर बोट सरकवून द्यायचं. अशी सतरा लाखांवर उत्तरं जमली. उत्पन्नाबरोबर सुख वाढत होतं, आणि ७५ हजारांवर कुठलाही अडथळा दिसत नव्हता.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असणं कठीण दिसत होतं. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एक दुर्मिळ गोष्ट केली. मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेऊन दोघांनी मिळून आकडेवारी पुन्हा तपासली आणि २०२३ मध्ये निकाल एकत्र छापला.

घोळ 'हो-नाही'त होता. गॅलपच्या पाहणीत सरासरी ८५ टक्के लोक आनंदाच्या प्रश्नांना 'हो' म्हणत होते. 'हो'च्या वर काही म्हणायची सोयच नाही. पेपर इतका सोपा काढला की बहुतेक वर्गाला पैकीच्या पैकी गुण पडले, तर पहिला-दुसरा कोण हे कळणार नाही. तो पेपर फक्त कच्ची मुलं ओळखून देईल. समजा, साठ हजार कमावणारी बाई काल खुशीत होती आणि दोन लाख कमावणारी त्याहून बरीच जास्त. दोघींची नोंद 'हो' अशीच होणार आणि त्यांच्यातला फरक कागदावर येण्याआधीच पुसला जाणार. त्या प्रश्नांनी खरं तर सुख मोजलंच नव्हतं, दुःख किती कमी झालं ते मोजलं होतं. या साच्याला संख्याशास्त्रात 'छत-परिणाम' म्हणतात, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: उत्तरांचा ढीग पट्टीच्या वरच्या टोकाला साचलेला दिसतो.

हे अनुमान खरं असेल, तर किलिंग्सवर्थ यांच्या सलग पट्टीवरसुद्धा सर्वांत दुःखी लोकांची रेषा कुठेतरी सपाट व्हायला हवी. म्हणून सगळ्यांची एकच सरासरी न काढता सुखाच्या प्रत्येक थरात उत्पन्नाचा परिणाम वेगळा पाहिला. तळाच्या साधारण १५ ते २० टक्क्यांत सुख वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत वाढलं आणि मग थांबलं. (मधल्या काळातल्या महागाईमुळे ७५ हजारांच्या जागी लाख.) मधल्या थरांत ते वाढत राहिलं. सर्वांत सुखी ३० टक्क्यांत तर लाखानंतर वाढीचा वेग चढला. कानेमन यांना दिसलेला सपाट भाग खरा होता, पण तो दुःखी अल्पसंख्याकांचा होता. किलिंग्सवर्थ यांची सरळ चढती रेषाही खरी होती, फक्त सरासरीच्या पोटात हे वेगवेगळे थर लपले होते.

आता या चढत्या रेषेकडेही जरा संशयाने बघू. तिच्या आडव्या अक्षावर डॉलर नाहीत, डॉलरचा लॉगॅरिदम आहे. त्यावर वीस हजारांचे चाळीस हजार होणं आणि एक लाखाचे दोन लाख होणं ही सारख्या लांबीची पावलं असतात. गरिबाला हजार रुपये आणि श्रीमंताला हजार रुपये सारखे वाटत नाहीत, तेव्हा ही निवड सयुक्तिक आहे. पण तीच रेषा साध्या डॉलरच्या अक्षावर काढली की उजवीकडे जाताना ती मंदावत जाते. 'सुख सारख्या गतीने वाढतं' आणि 'वाढ हळूहळू कमी होते' ही दोन्ही वाक्यं एकाच आकडेवारीवरून म्हणता येतात. आणखी एक लाख डॉलर कमावण्यासाठी आयुष्याची दहा वर्षं घालावीत का, असा प्रश्न असेल तर साधा अक्षच कामाचा. वादात मात्र आपल्या मताला सोयीचा अक्ष उचलला जातो.

आणि रेषा चढते म्हणजे किती चढते? २०२३ च्या निबंधात ते स्पष्ट दिलंय. कुटुंबाचं उत्पन्न १५ हजार डॉलर असलेल्यांत सुखाच्या क्रमाने मधोमध येणारा माणूस आणि अडीच लाख असलेल्यांतला तसाच मधला माणूस यांच्या सुखात शंभर गुणांच्या पट्टीवर सुमारे पाच गुणांचा फरक आहे. उत्पन्न चौपट असण्याचा परिणाम साधारण शनिवार-रविवारच्या सुट्टीइतका भरतो, आणि डोकेदुखीच्या परिणामाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. हे सगळं काम करणाऱ्या, फोनवर उत्तरं द्यायला राजी असलेल्या अमेरिकी लोकांबद्दल. बेरोजगार माणूस त्या नमुन्यात नाही, निवृत्त नाही, आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला विदर्भातला शेतकरी तर नाहीच.