वंक्षण नलिकेची मागची भिंत : एका वगळलेल्या छेदाची पार्श्वभूमी

जांघेतल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास 1880 च्या दशकात इटलीतील पादुआ येथे सुरू झाला, असे मानले जाते. त्याआधी फुगवट्याची पिशवी बांधून कापून टाकत. पण ती ज्या वाटेने बाहेर आली, ती जांघेतली वंक्षण नलिका मात्र तशीच सैल राहत असे आणि हर्निया वारंवार परतत असे. पादुआच्या शल्यविशारदाने पिशवीपेक्षा नलिकेच्या मागच्या भिंतीकडे लक्ष दिले, आणि पुढचे बरेचसे वाद या एकाच भिंतीभोवती फिरत राहिले.

प्रौढ माणसात ही नलिका सुमारे 4 सेंटिमीटर लांब असून वंक्षण अस्थिबंधाच्या आतल्या अर्ध्या भागाच्या किंचित वर तिरकी जाते. बाह्य तिरकस स्नायूचा पसरट कंडरा तिची पुढची भिंत होतो, कडेने उलटलेला अस्थिबंध तिचा तळ होतो आणि आतल्या दोन स्नायूंचे कमानदार तंतू तिचे छत होतात. मागची भिंत मुख्यतः ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया या पातळ पटलाची असते. डीप रिंग हे आतले छिद्र याच पटलात असते, तर सुपरफिशियल रिंग हे बाहेरचे छिद्र जघनास्थीच्या उंचवट्याजवळ पुढच्या कंडऱ्यात असते. पुरुषांत या वाटेने शुक्रवाहिनी, वृषणाच्या रक्तवाहिन्या व काही चेता यांची मिळून झालेली वृषणरज्जू जाते. स्त्रियांत गर्भाशयाचा गोल बंध जातो. इलिओ-इंग्वायनल चेता मात्र डीप रिंगमधून न येता स्नायूंच्या थरांमधून नलिकेत शिरते आणि सुपरफिशियल रिंगमधून बाहेर पडते.

गर्भात वृषण पोटातून खाली उतरताना उदरावरणाची एक नळी त्याच्या पुढे उतरते. ती जन्माच्या सुमारास बुजली नाही, तर डीप रिंगमधून आतड्याला तयार वाट मिळते. हाच इनडायरेक्ट हर्निया. डायरेक्ट हर्निया वेगळा असतो. तो एपिगॅस्ट्रिक धमनीच्या आतल्या बाजूला, थेट मागच्या भिंतीतून पुढे ढकलला जातो. खोकताना छत व तळ जवळ येतात आणि तिरक्या नलिकेच्या भिंती एकमेकींवर दबतात. ही झडप चांगली असेपर्यंत बरेच काही सावरले जाते. नवजात बालकात दोन्ही छिद्रे जवळपास समोरासमोर असल्याने हे संरक्षण तोकडे असते. वृद्धाचे पटल झिजलेले असेल, तर झडप चालूनही मागचा कापडासारखा थर टिकत नाही.

पादुआच्या पद्धतीत हे पटल डीप रिंगपासून जघनास्थीपर्यंत उघडले जाई. मग आतला तिरकस स्नायू, आडवा स्नायू आणि ते पटल असे तीन थर एकत्र घेऊन अस्थिबंधाला शिवले जात, आणि रज्जू त्यावर ठेवली जाई. 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात 262 शस्त्रक्रियांची नोंद होती. पुढे अनेक ठिकाणी ही पद्धत उचलली गेली, पण पटल उघडण्याचा टप्पा गळाला. या चुकीला ‘संयुक्त कंडरा’ या शब्दाने फार आधार दिला, असे मला वाटते. पाठ्यपुस्तकांनी शिकवले होते की आतल्या दोन स्नायूंचे कंडरे एकत्र येऊन मागची भिंत आतल्या बाजूला बळकट करतात. प्रत्यक्षात खरा, एकजीव कंडरा थोड्याच माणसांत सापडतो. बहुतेकांत तिथे आपापल्या पातळीवर संपणारे स्नायूचे तंतू असतात. शल्यविशारद मात्र त्या कमानीलाच संयुक्त कंडरा म्हणत, ती ओढून अस्थिबंधाला शिवत आणि त्यामागच्या पटलाला हातही लावत नसत.

समजा, साठीतल्या एका माणसाला डायरेक्ट हर्निया आहे. उभे राहून खोकल्यावर फुगवटा दिसतो, आणि डीप रिंगच्या जागेवर, म्हणजे अस्थिबंधाच्या मध्याच्या सुमारे सव्वा सेंटिमीटर वर, बोट दाबून धरले तरी तो येतच राहतो. इनडायरेक्टमध्ये तो बहुधा थांबला असता. ही परीक्षा नेहमी अचूक ठरत नाही, पण दिशा दाखवते. आता वरची कमान ताणून शिवली, तर टाक्यांवर सतत ओढ राहते, लाल स्नायू अस्थिबंधाशी नीट जुळत नाही आणि टाके त्यात चिरत जातात. मागे झिजलेले पटल तसेच असते, म्हणून काही काळाने फुगवटा बहुधा जघनास्थीजवळ पुन्हा दिसतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास टोरांटोत पटल उघडून, थरांवर थर चढवून सतत टाक्याने शिवण्याची पद्धत रूढ झाली. मूळ छेद परतला. 1980 च्या दशकात पॉलिप्रोपिलीनची जाळी मागच्या भिंतीवर पसरू लागली आणि ओढीचा प्रश्नच उरला नाही. पुढे दुर्बिणीतून जाळी पटलाच्या मागे बसवली जाऊ लागली. तिथे पोटातला दाबच जाळीला भिंतीशी दाबून धरतो, आणि डीप रिंग, डायरेक्टची जागा व त्याखालची मांडीकडे जाणारी वाट एकाच तुकड्याने झाकली जाते.