महापापी मोमिन की काफिर? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

मराठीत 'इमान' म्हटलं की निष्ठा आणि सचोटी डोळ्यांपुढे येते. इमानेइतबारे नोकरी करणारा, दिलेल्या शब्दाला जागणारा, तो इमानदार. दगा देईल तो बेइमान. शब्द अरबीतूनच आपल्याकडे आला, पण येताना त्यातला विश्वास मागे राहिला आणि वर्तन तेवढं पुढे आलं. सातव्या-आठव्या शतकात इराक आणि त्याच्या पूर्वेकडच्या खुरासान प्रांतात नेमका याच जोडावरून वाद पेटला होता. मनातला विश्वास आणि हातून घडणारं कर्म मिळून इमान होतं, की कर्म बाजूला ठेवूनही इमान शिल्लक राहतं? खून, व्यभिचार, मद्यपान अशा 'कबीरा', म्हणजे मोठ्या, गुन्ह्यानंतर, तौबा म्हणजे पश्चात्ताप न करता, माणूस मोमिन, म्हणजे श्रद्धावान, उरतो का?

हा प्रश्न एखाद्या मदरशात नव्हे, रणांगणावर जन्मला. 656 मध्ये मदीनेत तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी फुरात नदीकाठी सिफ्फीनला चौथे खलिफा अली यांची आणि सिरियाच्या सुभेदाराची फौज समोरासमोर आली. लढाई थांबवून दोन्ही बाजूंनी एकेक पंच नेमायचं ठरलं. त्यावर अलींच्याच गोटातली काही माणसं बिथरली. निवाडा फक्त अल्लाहचा, तो माणसांच्या हाती देणं हेच महापाप, असं म्हणत ती बाहेर पडली. तेच खारिजी. अलींनी आधी आपण कुफ्र, म्हणजे धर्म नाकारण्याचं पाप, केल्याचं कबूल करावं, मग तौबा करावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे गुन्हा आणि धर्मबाह्यता यांच्यात त्यांनी फटच ठेवली नाही.

या मंडळींची शिस्त किती कडक होती याचा एक प्रसंग जुन्या अरबी इतिहासात येतो. नहरवानच्या वाटेवर त्यांच्यातल्या एकाने झाडाखाली पडलेला खजूर उचलून तोंडात टाकला. दुसऱ्याने हटकलं की मालकाची परवानगी नाही, पैसे दिलेले नाहीत. त्याने तो थुंकून टाकला. कुणीतरी एका बिगरमुस्लिमाचं डुक्कर मारलं, तर मालकाला गाठून भरपाई करायला लावली. आणि त्याच वाटेवर त्यांनी पैगंबरांच्या एका सोबत्याच्या मुलाला पकडलं, उस्मान आणि अलींबद्दल त्याचं मत विचारलं, उत्तर पटलं नाही म्हणून त्याचा गळा चिरला आणि त्याच्या गरोदर बायकोलाही मारलं. खजूर परक्याच्या मालकीचा होता आणि डुक्कर संरक्षित प्रजेचं. हा माणूस मात्र त्यांच्या हिशेबात इस्लाममधून बाहेर गेला होता, म्हणून त्याच्या जिवाला संरक्षण नव्हतं. सगळा वाद या एका प्रसंगात दिसतो. 658 मध्ये नहरवानला अलींनी त्यांना चिरडलं आणि 661 मध्ये त्यांच्यापैकीच एकाने कूफ्यात अलींवर वार केला.

खारिजींमध्येही पुढे फाटे फुटले. सर्वांत कडवे अझारिका. त्यांच्या लेखी महापापी तर काफिर होताच, पण त्यांच्या छावणीत न येता घरी बसून राहणारा सहमत माणूसही काफिरच. नजदातांची तऱ्हा वेगळी होती: छोट्या पापाला चिकटून राहणारा गेला, पण आपल्यातल्या एखाद्याने कधीतरी मोठं पाप केलं आणि ते धरून ठेवलं नाही तर चालेल. यातली सोय डोळ्यांत भरते. इबादींनी मात्र एक शहाणी फोड केली. कुफ्र दोन प्रकारचं, म्हणाले: एक शिर्कचं, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला पुजण्याचं, आणि दुसरं कृतघ्नतेचं. महापापी दुसऱ्या अर्थाने काफिर; त्याच्याशी लग्नसंबंध चालतात, वारसा चालतो, त्याची मालमत्ता लुटता येत नाही. अझारिका सातव्या शतकाअखेरीस संपले. इबादी ओमानात आजही आहेत.

आता मुर्जिआ, म्हणजे खारिजींच्या समोरची बाजू. या शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा दुसऱ्या कुठल्याच नावाने घातलेला नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. मूळ शब्द 'इर्जा', म्हणजे पुढे ढकलणं. कुरआनाच्या नवव्या सूऱ्यात काही लोकांचा निर्णय अल्लाहच्या आज्ञेपर्यंत राखून ठेवल्याचा उल्लेख आहे, तिथून तो आला. पहिल्या पिढीत त्याचा पापाच्या तात्त्विक चर्चेशी फारसा संबंध नव्हता. उस्मान बरोबर की अली बरोबर, हे आम्ही पाहिलेलं नाही, त्याचा निवाडा आम्ही करत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. खुद्द अलींच्या एका नातवाच्या नावाने या भूमिकेचं एक पत्र सांगितलं जातं. दोन पिढ्या रक्तपात पाहिलेल्या कूफ्यात असं म्हणणं म्हणजे पळवाट नव्हती. मला तर तो त्या काळातला सर्वांत समंजस आवाज वाटतो.

मग अर्थ सरकला. 'मागे ठेवणं' हे कर्माला लागू झालं: इमान म्हणजे मनाची ग्वाही आणि जिभेची कबुली, कर्म त्याच्या मागून येतं. म्हणून पापी हा पापी मोमिन, पण मोमिनच. काहींनी तर शब्द 'रजा', म्हणजे आशा, या धातूशी जोडला आणि हे लोक पाप्यांना आशा दाखवतात असं म्हटलं. विरोधकांनी शेवटचा घाव घातला: इमान असेल तर पाप काहीच बिघडवत नाही, असं हे मानतात. कुणी टोकाचा असं म्हणालाही असेल, पण मुख्य प्रवाहाच्या तोंडी हे वाक्य नव्हतं. परिणाम असा, की चार वेगवेगळी माणसं एकाच शिवीखाली मोजली गेली. दहाव्या शतकात पंथांची जंत्री करणाऱ्या एका प्रसिद्ध विद्वानाने मुर्जिआंचे बारा गट सांगितले आणि त्यांत हनफी पंथाचे प्रणेते अबू हनीफांनाही बसवलं.

अबू हनीफांना (मृत्यू 767) ते नाव मान्य नव्हतं. बसऱ्याच्या एका विद्वानाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भूमिका मात्र सोडलेली नाही. मक्केत लोकांनी श्रद्धा ठेवली तेव्हा फर्ज, म्हणजे सक्तीची, कर्मं उतरलीच नव्हती; मग ते मोमिन नव्हते का? शिवाय अलींनी आपल्याविरुद्ध लढणाऱ्या सिरियावाल्यांना मोमिनच म्हटलं होतं, याकडेही ते बोट दाखवतात. कुरआनातही एकमेकांशी लढणाऱ्या दोन गटांना मोमिन म्हटलेलं आहे (49:9), हा या बाजूचा आवडता पुरावा. समोरून खारिजी 4:93 वाचायचे: जाणूनबुजून मोमिनाचा खून करणाऱ्याला कायमचा नरक.

हे सगळं कागदी वाटत असेल तर समरकंदकडे पाहावं. 728 च्या सुमारास खुरासानच्या सुभेदाराने तिकडे एक धर्मप्रसारक पाठवला. बोली अशी, की जो मुसलमान होईल त्याचा जिझिया माफ. लोक झुंडीने आले. तिथल्या सोग्दी राजाने सुभेदाराला कळवलं की वसूल घसरला. मग सुभेदाराचा सूर बदलला: ज्याची सुंता झाली आहे, जो फर्ज पाळतो आणि ज्याला कुरआनाचा एक सूरा म्हणता येतो त्याचाच कर सोडा. थोड्याच दिवसांत नव्या मुसलमानांवरही जिझिया परत लादला गेला. सातेक हजार सोग्दी शहराबाहेर जाऊन बसले आणि तो प्रसारकही त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांच्यासोबत एक अरब शूर शिपाई-कवी होता. मुर्जिआ मताची सर्वांत जुनी कविता त्याच्याच नावावर आहे.

इथे 'इमान म्हणजे कबुली' या वाक्याला वजन येतं. इमानात कर्म मोजायचं ठरलं, तर ते मोजणारा कुणीतरी लागतो, आणि इथे मोजणारा होता करवसुली करणारा अंमलदार. अरबी नीट न येणारा शेतकरी, कालच कलमा पढलेला, तो सूरा अडखळत म्हणाला म्हणून कर भरणारा राहणार का? 734 मध्ये त्याच प्रांतात जे मोठं बंड झालं त्याचा नेता मुर्जिआ मताचाच होता. मुर्जिआ म्हणजे तेव्हाच्या उमय्या राजघराण्याचे मिंधे, कारण पापी राज्यकर्त्यालाही ते मोमिन म्हणतात, असा सोपा शेरा अजून वाचायला मिळतो. खुरासानात तो टिकत नाही.

बसऱ्यातलं तिसरं उत्तर सर्वांना ठाऊक असलेल्या किश्श्यातून येतं. मशिदीत हसन बसरींच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, महापापी कोण? हसन त्याला मुनाफिक, दांभिक म्हणत. ते बोलण्याआधीच एक शिष्य, वासिल, म्हणाला की तो ना मोमिन ना काफिर, दोन्हींच्या मधल्या पायरीवर. मग तो उठून दुसऱ्या खांबाशी बसला, आणि हसन म्हणाले, हा आपल्यापासून बाजूला झाला. त्यावरून मुअतझिला हे पंथाचं नाव पडलं. किस्सा देखणा आहे, म्हणूनच जरा संशय येतो. तो दुसऱ्या गुरू-शिष्यांच्या नावानेही सांगितला जातो. व्यवहारात या मधल्या पायरीचा अर्थ असा: फासिकाचं, म्हणजे अशा पाप्याचं, लग्न टिकतं, वारसा मिळतो, मुस्लिम कब्रस्तानात जागा मिळते. परलोकात मात्र, तौबा न करता मेला तर, कायमचा नरक, शिक्षा काफिरापेक्षा हलकी. म्हणजे इहलोकात मुर्जिआंसारखं आणि परलोकात खारिजींसारखं.

सुन्नी मुख्य प्रवाहाने पुढे जे ठरवलं ते बाराव्या शतकातल्या नसफींच्या अकीद्यात, म्हणजे श्रद्धासूत्रात, एका वाक्यात आहे: मोठं पाप मोमिनाला इमानातून बाहेर काढत नाही आणि कुफ्रात ढकलत नाही. त्यावरचं भाष्य दर्स-ए-निझामी हा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या मदरशांत, आपल्याकडच्याही, पिढ्यान्‌पिढ्या पढवलं गेलं. एक शेपूट उरलंच. सुन्नींमधल्या शाफिई मतात कर्म इमानाचा भाग, म्हणून ते वाढतं आणि घटतं, आणि माणूस 'मी मोमिन आहे, इन्शाअल्लाह' असं म्हणू शकतो. हनफींना त्यात शंका दिसली. मध्य आशियातल्या काही हनफी मुफ्तींनी तेवढ्यावरून शाफिईशी लग्नाला हरकत घेतली. एक मत तर असं, की ज्यू-ख्रिश्चनांसारखं किताबी मानून त्यांची मुलगी करावी, आपली देऊ नये. कोकणातले मुसलमान शाफिई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या फतव्याची गंमत वेगळीच वाटेल.

जुना प्रश्न विसाव्या शतकात इजिप्तच्या तुरुंगांत परत उठला. छळ करणारा पहारेकरी मुसलमान कसा, असं कैदी एकमेकांना विचारू लागले. त्यातून सत्तरच्या दशकात एक गट निघाला. पापाला चिकटून राहणारा काफिर, आणि आपल्या जमातीबाहेरचा समाजच काफिर, असं तो मानत असे. 1977 मध्ये त्याने एका माजी मंत्र्याचं अपहरण करून खून केला. पुढच्या वर्षी म्होरक्याला फाशी झाली. वृत्तपत्रांनी त्यांना खारिजी म्हटलं, आणि ज्या मौलवींनी तकफीर, म्हणजे मुसलमानाला काफिर ठरवणं, नाकारली त्यांना हे लोक मुर्जिआ म्हणत. दोन्ही शिव्या तेराशे वर्षांनीही तशाच धारदार होत्या. 2005 मध्ये अम्मानला जमलेल्या विद्वानांनी आठ मझहबांच्या, म्हणजे पंथांच्या, अनुयायांना काफिर ठरवता येणार नाही असं जाहीर केलं. त्या आठांमध्ये इबादीही आहेत.