डोळ्याला पक्षी नाही, मोकळी जागा दिसते

समजा, सिनेमातल्या एका दृश्यासाठी ठाणे खाडीवर मावळतीच्या वेळी दोन हजार भोरड्या संगणकावर उडवायच्या आहेत. गोरेगावच्या एखाद्या स्टुडिओत काम करणाऱ्या नवख्या मुलाला पहिल्यांदा हेच सुचतं: शंभर पक्ष्यांचा एक तुकडा नीट बसवायचा आणि तो वीस ठिकाणी चिकटवायचा. पण पडद्यावर चोरी लगेच पकडली जाते. लांबून सगळे पक्षी काळे ठिपकेच असतात, त्यामुळे त्यांचं सारखेपण खटकत नाही. खटकते ती त्यांच्यामधली पोकळी. तुकड्यात कुठे त्रिकोणी फट राहिली असेल, तर ती आभाळात वीस वेळा उमटते.

मग ठिपके कुठेही टाकले तर? तेही फसतं. निव्वळ यदृच्छेने टाकलेल्या ठिपक्यांचे कुठे पुंजके होतात, कुठे भगदाडं पडतात. खरे पक्षी असे एकमेकांवर चढत नाहीत, प्रत्येकजण किमान पंखांच्या विस्ताराएवढं अंतर राखतो.

म्हणून जागा नेमून देण्याऐवजी नियम द्यावे लागतात. संगणक-चित्रणातले तज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 साली असे तीन नियम मांडले: शेजाऱ्याला धडकू नकोस, त्याच्या दिशेने आणि वेगाने उड, शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरक. प्रत्येकाचे शेजारी वेगळे, म्हणून प्रत्येकाची वाटही वेगळी होते. नक्कल टाळायला वेगळं काही करावं लागत नाही, हे मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

अडचण ‘शेजारी’ ठरवण्यात आहे. ‘दोन मीटरच्या आतले सगळे’ असं ठरवलं, तर थवा वळताना ताणला की कडेच्या पक्ष्यांना शेजारीच उरत नाहीत आणि थव्याची लक्तरं होतात. रोममध्ये युरोपीय मैनांच्या थव्यांचे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी फोटो काढून शास्त्रज्ञांनी प्रत्येक पक्ष्याची जागा मोजली. 2008 साली त्यांनी दाखवून दिलं, की पक्षी अंतर पाहत नाही, जवळच्या सहा-सात जणांवर लक्ष ठेवतो, मग ते हातभर दूर असोत की चार हात. आज्ञावलीत एवढा बदल केला, की थवा ताणला तरी एकत्र राहतो.

याच मोजणीतून आणखी एक गोष्ट कळली. दाटी मध्यापेक्षा कडेला जास्त असते. आपण मात्र चित्रात कडा विरळ करत नेतो, आणि थव्याचा धूर होतो.

पंखांचं काम राहतं. सगळे एकाच क्षणी पंख मारू लागले तर थवा कवायत करतोय असं वाटतं, म्हणून प्रत्येकाची सुरुवात पंखाच्या वेगळ्या स्थितीतून करायची. पंख मारण्याचा वेग मात्र जेमतेमच बदलायचा, नाहीतर एकाच थव्यात दोन जातींचे पक्षी असल्यासारखं दिसतं. तपासायला दृश्य थांबवावं, चित्र उलटं करावं आणि पक्षी सोडून फक्त फटी पाहाव्यात. एकाच आकाराची फट दोनदा सापडली, तर कुठेतरी तुकडा चिकटवलेला आहे.