चार आठवडे हिरवे, पण श्रेय बाजाराचं

तुझा महिन्याचा हिशेब पाहिला. चार आठवड्यांत चारही शॉर्ट स्ट्रँगल नफ्यात, दर लॉटमागे एकूण 150 पॉइंट. लॉट दुप्पट करायची घाई करू नकोस. आधी आकडे बघू.

तू दर आठवड्याला निफ्टीचा साधारण 560 पॉइंट वरचा कॉल आणि तेवढाच खालचा पुट विकलास. प्रत्येकाचे 20 पॉइंट धरले, तर हातात 40 पॉइंट प्रीमियम. दोन्हींचा डेल्टा होता सुमारे 0.10. म्हणजे एक्स्पायरीला निफ्टी त्या स्ट्राइकच्या पलीकडे असण्याची शक्यता प्रत्येक बाजूला ढोबळमानाने 10 टक्के, दोन्ही मिळून 20. उरलेल्या 80 टक्के आठवड्यांत काहीच न करता नफा होतो. 0.8 चा चौथा घात 0.41. डोळे मिटून असेच स्ट्रँगल विकणाऱ्या शंभरातल्या एक्केचाळीस जणांचाही महिना तुझ्यासारखाच दिसला असता.

उरलेल्या 20 टक्क्यांत काय होतं? स्ट्राइक तुटली की सरासरी 200 पॉइंट द्यावे लागतात असं धर; 40 मिळालेले वजा केले तर तोटा 160. आता गुणून बघ: 0.8 गुणिले 40 म्हणजे 32, आणि 0.2 गुणिले 160 म्हणजेही 32. जमाखर्च शून्य, ब्रोकरेज आणि कर वेगळे. एक वाईट आठवडा चार चांगले खातो, आणि तो या महिन्यात आला नाही इतकंच. शिवाय 200 ही सरासरी आहे. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी एकाच दिवसात 1,379 पॉइंट पडला होता.

या महिन्यात वाईट आठवडा का आला नाही, तेही तपासता येतं. इंडिया व्हिक्स, म्हणजे ऑप्शनच्या भावांत धरलेली निफ्टीची वार्षिक हालचाल, 13 टक्के असेल तर त्याला वर्षातल्या 252 व्यवहार-दिवसांच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे 16 ने भाग: रोज 0.8 टक्के हालचाल प्रीमियममध्ये धरलेली होती. महिन्याच्या रोजच्या टक्केवारीचं प्रमाण विचलन काढ. ते 0.5 आलं, तर बाजारच शांत होता आणि विकणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचंच फावलं.

मग तुझं स्वतःचं काय? एक्स्पायरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळी 0.10 डेल्टाचा स्ट्रँगल विकून शेवटपर्यंत हात न लावणारा कागदी हिशेब शेजारच्या रकान्यात मांड. त्याचे होतात 160 पॉइंट. तुझे 150. आठवडा चालू असताना सौदे बदलायच्या दोन ॲडजस्टमेंटनी 10 पॉइंट घालवले. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, कारण कौशल्य कुठे दिसायचं असेल तर ते याच फरकात.

एका महिन्याचा पुरावा किती तोकडा, तेही बघ. समज, तुझ्याकडे खरंच आठवड्याला 8 पॉइंटची धार आहे, म्हणजे कौशल्यामुळे सरासरी तेवढे पॉइंट सुटतात. वरच्या गणितात आठवड्याचं विचलन 80 येतं, म्हणजे दसपट. ती धार नशिबापासून दोन विचलनांनी वेगळी दिसायला 20 चा वर्ग, 400 आठवडे लागतील. जवळपास आठ वर्षं. एवढं थांबता येत नाही, म्हणून प्रत्येक ॲडजस्टमेंटचं कारण ऑर्डर टाकायच्या आधी लिही आणि तिने कागदी हिशेबापेक्षा किती कमावलं किंवा गमावलं ते वेगळं नोंदव. लॉट सध्या आहेत तेवढेच ठेव.