ट्यूबची मागची बाजू आधी वाचा
(बाळाचे लोशन आणि लंगोटाच्या चट्ट्यांचे क्रीम घेताना, आमच्या सांगलीच्या दुकानातून)

मागच्या पावसाळ्यात मिरजेहून एक आजी पाच महिन्यांच्या नातवासाठी क्रीम न्यायला आल्या. डायपरखाली लाल झालं म्हणून शेजारणीकडची ट्यूब लावली होती. दोन दिवसांत लाली गेली आणि लावायचं थांबवताच दुपटीने परतली. ट्यूब उलटी करून पाहिली, तर बीटामेथासोन, क्लोट्रिमाझोल, निओमायसिन. पहिलं स्टिरॉइड. ते लाली दाबतं, पण बुरशी मारत नाही. शिवाय डायपरच्या दमट, बंद जागेत स्टिरॉइड जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ होते. क्लोबेटासोल हेही स्टिरॉइडच, ते असलेली ट्यूबही डॉक्टरांनी दिल्याशिवाय लावू नका.

आम्ही आजींना एकच विचारलं, "जांघेच्या घडीतही लाल आहे का?" नुसत्या ओल्याने झालेला चट्टा फुगीर भागावर दिसतो, घड्या बहुधा वाचतात. यांच्या नातवाच्या घड्या लालभडक होत्या आणि कडेला सुटे लाल ठिपके. ही बुरशीची खूण, म्हणून त्यांना क्रीम न विकता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

साध्या चट्ट्याला झिंक ऑक्साइडचं क्रीम पुरतं. मात्र ते चोळून जिरवायचं नसतं. भाकरीवर लोणी थापावं तसा जाड थर द्या, म्हणजे शी-शू कातडीला लागत नाही. डायपर बदलताना घाण झालेला थर तेवढा पुसा, उरलेलं पांढरं खरवडू नका. त्या घासण्यानेच कातडी सोलते. तीन दिवसांत उतार नसेल, फोड, पू किंवा ताप आला, तर दवाखाना गाठा.

बोरिक पावडर आणि कापराचा बाम बाळाच्या अंगाला नकोच. दोन्ही कातडीतून आत जातात, आणि कापराने लहान बाळाला झटके येऊ शकतात. टाल्कम पावडरही नको, ती उडून श्वासात जाते. हळद आपल्या सांगलीची शान खरी, पण सोललेल्या कातडीवर तीही नको.

आता लोशन. झाकण उघडून वास घेण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण छान वास येणारी बाटली परत ठेवा. घटकांत "फ्रॅग्रन्स" किंवा "परफ्यूम" छापलं असेल, तर त्या एका शब्दामागे कितीतरी द्रव्यं असतात. "अनसेंटेड"वरही जाऊ नका, त्यात कधी कधी वास झाकणारा वास घातलेला असतो. "फ्रॅग्रन्स-फ्री" हा शब्द शोधा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव दिसलं तरी बाटली सोडा. त्याने अॅलर्जी होते, म्हणून युरोपात अंगावर राहणाऱ्या लोशनांत ते 2017 पासून बंद आहे.

नवं लोशन आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आत थोडंसं लावून पाहा. पुरळ आलं नाही, तर अंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच लावा.

दुकानात येताना घरातली अर्धी ट्यूब घेऊन या. वाचून देण्याचे पैसे लागत नाहीत.