हांगुल आणि चोसा : टोपिक १ साठी दोन महिन्यांचा अभ्यास

हांगुल म्हणजे कोरियन लिपी आणि चोसा म्हणजे नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, आपल्या विभक्ती प्रत्ययांसारखे. टोपिक ही कोरियन भाषेची प्राविण्य परीक्षा १९९७ पासून घेतली जाते, तिचा सुरुवातीचा टप्पा म्हणजे टोपिक १, आणि तो देणाऱ्याला आधी या दोन गोष्टी पक्क्या लागतात. पेपरमध्ये ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत आणि वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात, सगळे चार पर्यायांचे. एकूण २०० गुण, ८० मिळाले की पहिली पातळी आणि १४० मिळाले की दुसरी. लिहायचा भाग नाहीच, त्यामुळे अक्षर वळणदार नसलं तरी काही बिघडत नाही, पण वाचायचा स्पीड नसला तर मात्र ६० मिनिटं भुर्रकन जातात.

बहुतेक जण लिपी हा एक धडा आणि प्रत्यय हा दुसरा धडा असं धरून चालतात आणि तिथेच गडबड होते, कारण दोघांना जोडणारी एक खुंटी आहे, तिचं नाव बात्चिम.

लिपी

राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली. आज मूळ अक्षरं २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर, त्यात ५ जोडव्यंजनं आणि ११ जोडस्वर धरले की ४० होतात. व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून घेतलेत, म्हणजे ㄴ ही दातांमागे टेकलेली जीभ, ㅁ हे तोंड, आणि आवाज जोरकस झाला की एक रेघ वाढते : ㄴ पासून ㄷ, ㄷ पासून ㅌ. हे एकदा कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि दोन खड्डे. फायदा असा की ㅋ हा सरळ ख, ㄲ हा आवळून म्हटलेला क, आणि ㄱ शब्दाच्या सुरुवातीला हलका क पण दोन स्वरांच्या मध्ये आला की ग, म्हणजे क-ख-ग चा फरक कानाला आधीच माहीत असतो. खड्डे स्वरांचे आहेत. ㅓ हा ऑ च्या जवळचा आणि ㅗ हा ओ, दोन्ही वहीत ‘ओ’ लिहिले की पुढे ऐकताना गोंधळ ठरलेला. ㅡ तर आपल्याकडे नाहीच, ओठ न गोल करता उ म्हणायचा. म्हणून देवनागरीत उच्चार लिहायची कुबडी पहिल्या आठवड्यापुरती ठीक आहे, त्यानंतर ती टाकलेली बरी (या नोंदीत ती वापरलीय, पण नाइलाज म्हणून).

बात्चिम

कोरियन अक्षरं एका ओळीत लिहीत नाहीत, चौकोनी गठ्ठ्यात बसवतात. 책 (पुस्तक) या गठ्ठ्यात वर ㅊ आणि ㅐ, तळाला ㄱ. हे तळाचं व्यंजन म्हणजे बात्चिम. तळाला कुठलंही व्यंजन लिहिलेलं असो, नुसता शब्द म्हणताना आवाज सातच निघतात. त्यामुळे 옷 (कपडे) च्या तळाला स आणि 꽃 (फूल) च्या तळाला छ असूनही ऐकू येतात ओत आणि कोत.

आता मजा अशी की मागून स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की हे दडलेलं व्यंजन पुढच्या गठ्ठ्यात सरकतं आणि स्वतःच्या खऱ्या आवाजात बोलतं. 옷 ला 이 लागला की ‘ओत-इ’ नाही तर ओशी, 꽃 ला 이 लागला की कोछी, 집 (घर) ला 에 लागला की चिबे. लिहिताना मात्र 꽃이 असंच राहतं. ㅇ तेवढा सरकत नाही, 가방이 मधला ङ तळालाच थांबतो.

रिझल्ट असा की डिक्शनरीतून शब्द पाठ केलेल्याला ‘कोछी’ ऐकल्यावर हा कुठला नवीन शब्द असं वाटतं, आणि खरंच 꼬치 नावाचा वेगळा शब्दही आहे, काडीला टोचून भाजलेल्या पदार्थाला म्हणतात. आपलं कुठे अडलंय ते ओळखायचं तर छोटी वाक्यं ऐकून लिहून बघायची. कानाला आलं तसं 꼬치 लिहिलं गेलं तर प्रत्यय ऐकूच आलेला नाही, 꽃이 लिहिलं तर लिपी आणि प्रत्यय दोन्ही बसले.

चोसा

मराठीत प्रत्यय लागताना नाम वाकतं, घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात. कोरियनमध्ये साधारणपणे नाम जसंच्या तसं राहतं, आणि बात्चिम आहे की नाही ते बघून काही प्रत्यय स्वतःचं रूप बदलतात. बात्चिम असेल तर 은, 이, 을, नसेल तर 는, 가, 를. 와/과 मध्ये हे उलटं आहे, बात्चिमनंतर 과, आणि तिथे सगळे एकदा तरी चुकतात. (으)로 ला आणखी एक खोड, बात्चिम असला तर 으로 पण तो ㄹ असेल तर नुसता 로, म्हणून 지하철로, मेट्रोने. सर्वनामांचे दोन-तीन अपवाद पाठच करायचे : 저 + 가 चं 제가 होतं, 누구 + 가 चं 누가.

रूप कळलं की अर्थ, आणि इथे आपला ‘ला’ फसवतो. मित्राला भेटतो हे 친구를 만나요, मित्राला देतो हे 친구한테 줘요, सोलला जातो हे 서울에 가요. मराठीत तिन्हीकडे ला, तिकडे तीन वेगळे प्रत्यय, म्हणून ‘ला म्हणजे 를’ असं समीकरण वहीत लिहिलं की पुढचे दोन महिने ते खोडत बसावं लागतं. प्रत्यय क्रियापदासकट पाठ करावा, 를 만나요, 한테 줘요, 에 가요 असा एका दमात. उलट एका ठिकाणी मराठी कामी येते : ‘मला कॉफी आवडते’ यात आवडणारी गोष्ट कर्ता असते, तसंच 저는 커피가 좋아요 मध्ये कॉफीला 가 लागतो. पण तेच 좋아해요 वापरलं की 커피를 होतं, तेव्हा क्रियापदाचं शेपूट बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

에 आणि 에서 हे दोन्ही आपल्या ‘त’ च्या जागी येतात. नुसतं असणं असेल तर 에, तिथे काही करणं असेल तर 에서 : घरात आहे 집에 있어요, घरात झोपतो 집에서 자요. 에서 चा दुसरा अर्थ ‘हून’ असाही आहे, 집에서 왔어요 म्हणजे घरून आलो. वेळेलाही 에 लागतो, पण आज, काल, उद्या या शब्दांना (오늘, 어제, 내일) लागत नाही, 오늘에 असं लिहिलेलं दिसलं की समजायचं लिहिणारा नवा आहे.

은/는 आणि 이/가 यांच्यावर लोक आठवडे घालवतात. माझ्या मते या पातळीला दोन गोष्टी कळल्या तरी काम भागतं. पहिल्यांदा समोर आणलेल्या गोष्टीला 이/가, आणि आता तिच्याबद्दलच बोलायचं तर 은/는. 저기 가게가 있습니다, तिथे एक दुकान आहे. 그 가게는 빵이 맛있습니다, त्या दुकानाचं म्हणाल तर ब्रेड छान असतो. ‘म्हणाल तर’ मधला तो ‘तर’ म्हणजेच बराचसा 는. दुसरं म्हणजे ‘कोण’ च्या उत्तराला 이/가 : 누가 왔어요? 민수가 왔어요.

एक वाक्य सोडवून

वाचनाच्या भागात सुरुवातीलाच रिकाम्या जागांचे प्रश्न येतात, त्यातला एखादा प्रत्ययाचा असतो. पर्याय बहुतेक वेळा त्या नामाला रूपाने चालतील असेच देतात, त्यामुळे नुसता बात्चिम बघून उत्तर फुटत नाही. सरावासाठी तीन जागा एकाच वाक्यात घेऊ.

저는 토요일( ) 도서관( ) 책( ) 읽습니다.

आधी शेवटाला जायचं, 읽습니다 म्हणजे वाचतो. काय वाचतो? पुस्तक, म्हणून 책 ला कर्माचा प्रत्यय, तळाला ㄱ आहे म्हणून 을. 도서관 म्हणजे लायब्ररी, तिथे वाचायची क्रिया चाललीय म्हणून 에서, 에 नाही. हेच वाक्य 있습니다 ने संपलं असतं तर 에 आलं असतं. 토요일 म्हणजे शनिवार, वेळ, म्हणून 에. आता मोठ्याने म्हणायचं : चॉनुन थोयोइरे तोसॉग्वानेसॉ छेगुल इक्सुम्निदा. शनिवारच्या तळाचा ㄹ सरकून र झाला, लायब्ररीचा न पुढे गेला, पुस्तकाचा क दोन स्वरांत सापडून ग झाला. 읽 च्या तळाला दोन व्यंजनं आहेत, त्यातलं इथे एकच बोलतं.

आठवड्यांचा हिशोब

पहिले दहा दिवस अक्षरं आणि गठ्ठे, तिसरा आठवडा संपेपर्यंत बात्चिम आणि तो सरकवून मोठ्याने वाचणं. चौथ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्यय, दिवसाला एकच, आणि प्रत्येकाची पाच-सहा वाक्यं कानाने ऐकलेली. शब्द मात्र पहिल्या दिवसापासून रोज थोडे थोडे, कारण पहिल्या पातळीला साधारण ८०० शब्द धरतात आणि ते शेवटी ढकलले की राहतातच. सातव्या-आठव्या आठवड्यात घड्याळ लावून जुने पेपर, चुकलेल्या प्रश्नासमोर कारण लिहायचं : शब्द माहीत नव्हता, प्रत्यय कळला नाही, की सरकलेला आवाज ओळखता आला नाही. तिसरं कारण जास्त वेळा आलं तर पुढचा पेपर घ्यायचा नाही, मागे जाऊन त्याच ऑडिओवर ऐकून लिहायचा सराव करायचा.

एक मर्यादा लक्षात ठेवायची, रोजच्या बोलण्यात 을/를 आणि 이/가 सर्रास गळतात, जेवलास का हे 밥 먹었어요? असं प्रत्ययाशिवायच विचारतात. ऐकण्याच्या भागातल्या संवादांत प्रत्यय सापडला नाही म्हणून थांबायचं नाही, क्रियापद पकडून पुढे जायचं.