विज्ञानकथेतील नगर : प्रॉम्प्टमधील सुसंगत मांडणी

चित्र किंवा चलचित्र तयार करणाऱ्या एआय यंत्रप्रारूपाला दिलेल्या मजकुरातून, म्हणजे प्रॉम्प्टमधून, एक कल्पित भविष्यकालीन नगर उभे करणे, आणि त्या नगराची बांधणी, तंत्रज्ञान व हवा प्रत्येक शॉटमध्ये तीच राहील अशी व्यवस्था करणे, याला येथे विज्ञानकथेतील नगराची सुसंगत मांडणी म्हटले आहे. एकच देखणे चित्र काढणे सोपे आहे. त्याच गल्लीचे दुसरे चित्र काढायला गेले की अडचण सुरू होते. पहिल्या शॉटमध्ये चार मजली असलेली चाळ दुसऱ्यात नऊ मजली होते, लाकडी कठड्याच्या जागी लोखंडी जाळी येते आणि ढगाळ दुपारचा जांभळा सायंप्रकाश होतो.

याचे कारण यंत्राच्या कामाच्या पद्धतीत आहे. प्रसरण पद्धतीची प्रारूपे यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि मजकुराच्या आधाराने तो टप्प्याटप्प्याने निवळत नेतात. संदर्भचित्र दिले नसेल, तर दुसरा शॉट काढताना पहिल्याची कोणतीही आठवण त्यांच्यापाशी नसते. मजकुरात जे सांगितलेले नाही ते शिकलेल्या सरासरीतून भरले जाते. विज्ञानकथेतल्या शहराची ही सरासरी ठरलेली आहे : निऑनचे फलक, ओले रस्ते, निळा-जांभळा प्रकाश, उडती वाहने. ‘फ्युचरिस्टिक’ किंवा ‘सायबरपंक’ हा एक शब्द टाकला तरी नगर त्या दिशेला सरकते. म्हणून हे शब्द टाळावेत आणि डोळ्यांना काय दिसते तेवढेच लिहावे. ‘निऑन नको’ असे मुख्य मजकुरात लिहिण्याचाही उपयोग होत नाही. अनेक प्रारूपे नकार नीट धरत नाहीत, त्यामुळे उल्लेख झाला म्हणूनच निऑन उगवतो. नकारासाठी वेगळा रकाना असेल तर तो तिथे लिहावा, नाहीतर निऑनच्या जागी काय आहे ते सांगावे.

नगर टिकवण्याची सर्वांत भरवशाची वाट म्हणजे एकच कारण ठरवून त्यातून बाकी सगळे काढणे. उदाहरणासाठी परळच घेऊ. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की समुद्रात पाणी सोडता येत नाही आणि परळजवळच्या हिंदमातासारखे सखल भाग तुंबतात, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. आपल्या कल्पित परळात हे पाणी पावसाळाभर ओसरतच नाही, असे धरू. मग तळमजला लोकांनी सोडलेला असणार. ये-जा वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांतून होणार. वाहन पाण्यावरून न्यायचे, तर ते छताच्या उंचीवर ताणलेल्या एका तारेला लटकणार. तारेवर चालणारे वाहन असेल तर उडते वाहन नको आणि त्याचे दिवेही नकोत. अशा रीतीने बांधणी, तंत्रज्ञान आणि वातावरण या तीन वेगळ्या याद्या राहत नाहीत. नवा शॉट सुचला की त्यात काय असेल याचे उत्तर त्या पाण्याकडेच मागता येते.

चाळीचे रूप ठरवताना खऱ्या नमुन्यांत भेद करावा लागतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी 1920च्या दशकात तळमजला अधिक तीन मजल्यांच्या बांधल्या गेल्या. पण त्या काँक्रीटच्या असून त्यांच्या खोल्या मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना ठेवलेल्या होत्या. गिरगावातल्या जुन्या चाळींना मात्र बाहेरून लांबच लांब लाकडी गॅलऱ्या असतात. आपल्या नगरात लोक गॅलरीतूनच फिरतात, तेव्हा गिरगावची गॅलरी घ्यायची आणि बीडीडी चाळींची उंची ठेवायची. भिंती काळ्या बेसाल्टच्या. नुसता ‘चाळ’ हा शब्द पुरत नाही. बहुतेक प्रारूपे प्रामुख्याने चित्रांसोबतच्या इंग्रजी मथळ्यांवर शिकलेली आहेत आणि हा शब्द त्यांच्या ओळखीचा असला तरी पुसटसाच असतो, म्हणून गॅलरीचे वर्णन सोबत द्यावेच लागते.

या सगळ्याचा जो मजकूर प्रत्येक शॉटमध्ये अक्षरशः तसाच चिकटवायचा, त्याला येथे स्थिर परिच्छेद म्हटले आहे. या नगराचा तो असा होईल :

```
Flooded street, black basalt chawls four storeys high,
timber galleries on every upper floor. Small grey tramcars
hang from one overhead wire at roof height. Flat overcast
monsoon light, wet stone. Muted greys, one warm bulb per
gallery.
```

त्यात इतिहास नाही, वर्ष नाही, पाणी का साचले याचा खुलासा नाही. कारण लेखकाच्या वहीत राहते आणि यंत्राला फक्त त्याचा दिसणारा परिणाम मिळतो. परिच्छेद आखूड ठेवण्याला तांत्रिक कारणही आहे. स्टेबल डिफ्यूजन या प्रसरण प्रारूपाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकूर वाचणारा भाग एका वेळी 77 टोकनच घेतो आणि त्यांतली दोन सुरुवात व शेवट दाखवण्यात जातात. टोकन म्हणजे यंत्र मोजते तो मजकुराचा तुकडा, तो शब्दच असतो असे नाही. अनोळखी शब्द दोन-तीन तुकड्यांत मोडतो आणि स्वल्पविरामही मोजला जातो. नव्या प्रारूपांची मर्यादा बरीच मोठी आहे, तरी लांबलचक मजकुरातले शेवटचे तपशील गळण्याची खोड त्यांच्यातही दिसते.

तारेची उंची ‘तिसऱ्या मजल्याइतकी’ अशी न लिहिता ‘छताच्या उंचीवर’ लिहिली आहे. आपण तळमजला वेगळा धरून त्याच्या वर पहिला मजला मोजतो, तर अमेरिकी इंग्रजीत जमिनीवरचाच मजला पहिला असतो. त्यामुळे आपला तिसरा मजला तिकडे चौथा होतो. दोन शॉटांत तार एकेका मजल्याने वरखाली झाली, तर दोष बहुधा अशा मोजणीचा असतो.

ढगाळ प्रकाशाची निवडही जाणून केलेली आहे. कडक उन्हात प्रत्येक शॉटमध्ये सावली कोणत्या बाजूला पडते हे जुळवावे लागते आणि यंत्र ते क्वचितच जुळवते. आषाढातल्या दुपारी मुंबईत सावल्या जवळजवळ नसतातच. पहिल्यांदा नगर रचणाऱ्याने हाच प्रकाश घ्यावा, निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

यानंतर येते दिशा. बहुतेक नगरे मोडतात ती इथेच, आणि स्थिर परिच्छेद इथे काहीच मदत करत नाही. मुंबईत पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती सर्वाधिक भिजतात, शेवाळतात, आणि त्यांवर निळी ताडपत्री चढते. कल्पित नगरातही हा नियम ठेवला तर गल्लीला दोन वेगळे चेहरे मिळतात आणि प्रेक्षकाला आपण कुठे उभे आहोत ते कळत राहते. पण ‘समुद्राकडच्या भिंतींवर ताडपत्री’ असे लिहिले तर यंत्राला बोध होत नाही, कारण समुद्र कुठे आहे हे त्याला माहीत नाही. त्याला डावे-उजवेच कळते. तेव्हा कागदावर गल्लीचा साधा नकाशा काढून प्रत्येक शॉटसाठी दिशेचे डाव्या-उजव्यात रूपांतर करावे.

आपली गल्ली दक्षिणोत्तर आहे. पहिल्या शॉटमध्ये कॅमेरा उत्तरेकडे पाहतो, म्हणजे समुद्र डाव्या हाताला. घाईत ताडपत्री डाव्या रांगेवर लिहिली जाते, आणि ते चूक आहे. डाव्या रांगेतल्या चाळींची गल्लीतून दिसणारी भिंत पूर्वाभिमुख आहे. पश्चिमेला तोंड आहे ते उजव्या रांगेचे. म्हणून शॉटची ओळ अशी होईल : गल्लीचे रुंद दृश्य, उजव्या रांगेवर निळी ताडपत्री, पाऊस डावीकडून उजवीकडे तिरपा. दुसऱ्या शॉटमध्ये आपण ट्रामच्या डब्यात बसून दक्षिणेकडे पाहतो. आता सगळे उलटते : ताडपत्री डाव्या रांगेवर आणि पाऊस उजवीकडून डावीकडे. एवढ्या दोन ओळी बरोबर असल्या, तर दोन्ही चित्रे एकाच जागेची वाटतात. दगडाचा पोत थोडा बदलला तरी डोळा ते सोसतो.

तिसरा शॉट जवळचा आहे. एक म्हातारी बाई गॅलरीत कठड्याला टेकून उभी आहे. येथे स्थिर परिच्छेद जसाच्या तसा दिला तर यंत्र पूर, ट्राम आणि चार मजले त्या एका चौकटीत कोंबायला पाहते आणि बाईचा चेहरा लहान होतो. म्हणून जवळच्या शॉटसाठी परिच्छेदातला साहित्य, प्रकाश आणि रंग एवढाच भाग ठेवावा. ही गॅलरी कोणत्या रांगेतली हेही ठरवावे लागते. ती पश्चिमाभिमुख असेल तर पुढे ताडपत्री लटकलेली असणार, उजेड तिच्यातून गाळून येणार आणि बाईच्या एका गालावर निळसर झाक पडणार. दुसऱ्या गालावर बल्बचा पिवळा प्रकाश. समोरच्या रांगेतली गॅलरी असेल तर निळे काहीच नाही. चित्राला रंग कुठून मिळाला याचे उत्तर नगराच्या नियमातच सापडते, आणि या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच आहे.

मजकुराच्या जोडीला संदर्भचित्र देता येते. पहिल्या शॉटचे अनेक नमुने काढून एक निवडावा आणि पुढच्या शॉटांना तो दाखवावा. मात्र संदर्भचित्र पोताबरोबर रचनाही ओढून आणते. उत्तरेकडचे पूर्ण दृश्य दाखवून दक्षिणेकडचे मागितले, तर बहुधा उत्तरेचेच पुन्हा मिळते. म्हणून कठड्याचा एक तुकडा, भिंतीचा एक तुकडा आणि ट्रामचा डबा असे कापलेले संदर्भ अधिक उपयोगी पडतात. सुरुवातीचा यादृच्छिक गोंधळ ठरवणारा सीडचा आकडा कायम ठेवला की नगर कायम राहते, हा समज मात्र चुकीचा आहे. मजकूर, प्रारूप व सेटिंग तीच ठेवली तर त्याच सीडवरून बहुधा तेच चित्र परत मिळते. पण मजकूर बदलताच सीड फार तर ढोबळ रचना टिकवतो, चाळीचे मजले नव्हे.

तपासणीसाठी सगळे शॉट लहान आकारात एका पानावर शेजारी शेजारी मांडावेत. मोठ्या आकारात प्रत्येक चित्र स्वतःपुरते पटते, लहान झाले की वेगळे पडलेले लगेच डोळ्यांत येते. मग मजले मोजावेत, तारा मोजाव्यात, ताडपत्रीची बाजू नकाशाशी ताडून पाहावी. चलचित्रात एक दोष हळूहळू शिरतो. तुकडे काही सेकंदांचेच निघत असल्याने पुष्कळजण आधीच्या तुकड्याची शेवटची चौकट पुढच्याची पहिली म्हणून देतात. दोन-तीन पिढ्यांत रंग भडक होतात, कडा कडक होतात आणि करडे परळ नकळत झळझळीत होऊन बसते. प्रत्येक तुकडा मूळ मंजूर चित्रांपैकीच एखाद्यापासून सुरू केला तर ही साखळी तुटते.

देवनागरी पाट्यांचा प्रश्न वेगळाच आहे. अनेक प्रारूपे मात्रा आणि जोडाक्षरे मोडून टाकतात, आणि दर शॉटला वेगळी मोडतात. दुकानाच्या पाटीवरचे चुकलेले अक्षर मराठी प्रेक्षकाला सर्वांत आधी दिसते. म्हणून प्रॉम्प्टमध्ये कोऱ्या लाकडी पाट्या मागाव्यात आणि अक्षरे नंतर संकलनाच्या वेळी हाताने बसवावीत, प्रत्येक पाटीचा मजकूर नकाशावर त्याच दारापाशी लिहून ठेवून.